मुरडा, मार्चअखेर आणि वहीतला एक रकाना

डोंबिवलीहून रोज लोकलने फोर्टला जाणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईंचे उदाहरण घेऊ. उदाहरण रचलेले आहे, पण असे रुग्ण पोटविकारतज्ज्ञांना नवे नाहीत. मार्चअखेर जवळ आली की यांच्या ओटीपोटात सकाळी कळ येते, घाईघाईने दोन-तीनदा शौचाला जावे लागते, शेवटी नुसते पाणी पडते. जाऊन आले की मुरडा ओसरतो. तपासण्यांत काही सापडत नाही. 'बाहेरचं खाल्लं असशील,' हे घरच्यांचे निदान. एप्रिलमध्ये पोट आपोआप ताळ्यावर येते.

या दुखण्याला डॉक्टर आयबीएस म्हणतात. आतड्याला जखम किंवा सूज नसते, पण त्याच्या मज्जातंतूंची जाण फार तीव्र झालेली असते. इतरांना कळणारही नाही एवढ्या वाताने इथे कळ येते. तणावात मेंदूकडून सुटणारी रसायने मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात, पाणी शोषून घ्यायला वेळ उरत नाही आणि शौचाला पातळ होते. म्हणजे 'सगळं मनाचं आहे' हे म्हणणे चूक. कळ खरी असते, ती सुरू व्हायला ताण निमित्त होतो, एवढेच.

डॉक्टर अशा वेळी खाण्याची नोंदवही ठेवायला सांगतात. इथेच बहुतेकांची गफलत होते. पोहे खाल्ले आणि अर्ध्या तासात पळावे लागले, की पोह्यांवर काट. दुसऱ्या दिवशी दुधावर, मग वांग्यावर. पण जठरात अन्न पडताच मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो; ही सगळ्यांच्याच शरीराची नेहमीची रीत आहे. आयबीएसमध्ये तो इशारा जरा जोरात पोचतो. अर्ध्या तासात बाहेर पडले ते पोहे नव्हेतच, ते आधीच्या दिवसाचे जेवण. कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले यांतली काही कर्बोदके लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि वात धरतो. याला काही तास लागतात. म्हणून संशयित शोधायचा तर मागच्या जेवणापर्यंत जायला हवे.

वही दोन ते चार आठवडे ठेवावी. वेळ, काय आणि साधारण किती खाल्ले, चहा-कॉफी, कळ दहापैकी किती, शौचाचे स्वरूप. त्यासाठी ब्रिस्टल तक्ता वापरतात: 1 म्हणजे खडे, 4 म्हणजे मऊ आणि बांधलेली, 7 म्हणजे पाणी. याशिवाय एक रकाना हवाच: झोप किती झाली, त्या दिवशी डोक्यावर काय होते. हा रकाना गाळला, तर सगळे खापर ताटावर फुटते.

आपल्या बाईंच्या वहीत रविवारी मिसळ-पाव दिसतो, सोमवारी ब्रिस्टल 4. गुरुवारच्या पानावर मात्र तोच कांदा, आदल्या रात्री साडेदहाला छोले, पाच तास झोप, उपाशीपोटी दोन कडक चहा आणि अकराला आढावा बैठक. कळ आठ, ब्रिस्टल 7. अशी तीन-चार पाने जमली की कांदा एकटा दोषी नाही हे कळते. माझ्या मते वहीचा मोठा उपयोग हाच: ती काही पदार्थांना निर्दोष सोडते. नाहीतर माणूस एकेक पदार्थ टाकत वरण-भातावर येतो आणि अंगाने खंगतो. कांदा-लसूण-गहू बंद करून बघायचेच असेल, तर आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, चार-सहा आठवडेच. मग एकेक पदार्थ परत आणायचा.

बैठकीच्या आठवड्यात बाई काय करू शकतील? रात्रीचे जेवण लवकर आणि हलके, सकाळचा एक चहा कमी आणि तोही काही खाऊन. घरातून निघण्यापूर्वी पंधरा मिनिटे मोकळी, म्हणजे शौचाची घाई हीच नवी धास्ती होत नाही. कळ आली तर पोटावर गरम पाण्याची पिशवी. श्वास असा घ्यावा की छाती नव्हे, पोट वर यावे: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, पाच-दहा मिनिटे. हा सराव शांत दिवसांतही रोज हवा. ऐन मुरड्यात पहिल्यांदा करायला गेले तर जमत नाही. इसबगोल अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्याबरोबर; गव्हाच्या कोंड्याने मात्र वात वाढू शकतो. लोपरामाइडने जुलाब आवरतात, कळ तेवढी जात नाही. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. शेम पडली की 'आव झाली' म्हणून परस्पर मेट्रोनिडॅझोल घेणारे पुष्कळ. शेम आयबीएसमध्येही पडते. ताप किंवा रक्त असेल तर मात्र दोन्हींपैकी काहीही परस्पर घेऊ नये.

शौचातून रक्त, कारण नसताना घटणारे वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, रक्ताल्पता, घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, किंवा पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास: यांपैकी काही असेल, तर वहीचा निकाल येईपर्यंत न थांबता डॉक्टरांकडे जावे.