आवाज कुठे अडतो?

माझी मावशी दर शनिवारी झूमवर संस्कृतच्या वर्गाला बसते. पहिल्या दिवशी तिला बाई दिसत होत्या, पण ऐकू काहीच येत नव्हतं. तिने फोनचा आवाज पूर्ण वाढवला, तरी शांतताच. वर्गात शिरताना ऑडिओबद्दल विचारणारी चौकट तिने घाईत बंद केली होती. पडद्यावर Join Audio दिसत असेल, तर तुमचा आवाज अजून जोडलेलाच नाही, असं समजायचं. त्यावर बोट ठेवून Wifi or Cellular Data निवडलं की काम होतं.

मग ऐकू आलं, पण तिचं बोलणं पोहोचेना. माइकवर लाल रेघ नव्हती, म्हणजे तो सुरूच होता. अडचण परवानगीची होती. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये अ‍ॅप्स, त्यात झूम, मग परवानग्या, तिथे मायक्रोफोनला ‘अ‍ॅप वापरताना’ अशी मुभा दिली आणि प्रश्न मिटला. कॅमेरा काळा दिसला तरी हीच जागा आधी पाहावी.

चेहरा अंधारा दिसत होता, कारण खिडकी पाठीशी होती. तोंड खिडकीकडे केलं आणि फोन डब्याला टेकवून डोळ्यांच्या उंचीवर आडवा ठेवला. पार्श्वभूमी धूसर करण्याची सोय जुन्या फोनवर मी टाळते. फोन तापतो आणि हलणारे हात मध्येच गायब होतात. त्यापेक्षा साधी भिंत बरी.

हे सगळं वर्गाच्या दहा मिनिटं आधी, घरातल्याच दुसऱ्या फोनवर एकदा तपासून घ्या. दोन्ही फोन वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा, नाहीतर आवाज घुमतो.