शब्द पक्का कधी धरायचा?

समजा, वाचनालयाच्या सभागृहात साठ-सत्तर माणसांसमोर व्याख्यान चालू आहे. श्रोत्यांत काहींना नीट ऐकू येत नाही. स्टेजशेजारी पडदा आहे आणि बोललेलं त्यावर मराठीत उमटतंय. हे काम आता एखादा बरा लॅपटॉप आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर करू शकतं. अशा वेळी आयोजकाला हमखास वाटतं की अक्षरं जितकी चटकन येतील तितकं चांगलं. खरी गोम इथेच आहे.

‘व्हिस्पर’ हे 2022 साली ओपनएआयनं खुलं केलेलं मॉडेल तीस सेकंदांपर्यंतचा आवाजाचा तुकडा एकदम ऐकून त्याचा मजकूर करण्यासाठी बनवलेलं आहे, चालू भाषण टिपण्यासाठी नव्हे. ते थेट कार्यक्रमात वापरायचं तर दर सेकंदाला, तोवर साठलेला आवाज त्याला पुन्हा पुन्हा ऐकवावा लागतो, आणि दर वेळी उत्तर थोडं बदलतं. वक्ता सावकाश म्हणतो, ‘या वर्षी पालिकेनं झाडं तोडायला परवानगी दिलेली नाही.’ पहिल्या सेकंदाला मॉडेल लिहितं ‘या वर्षी पाली’. दुसऱ्याला ‘या वर्षी पालिकेनं झाड’. तिसऱ्याला ‘या वर्षी पालिकेनं झाडं तोडायला’. चौथ्याला त्याच्यापुढे ‘परवानगी दिली’, आणि पाचव्याला ‘परवानगी दिलेली नाही’.

हे सगळं जसंच्या तसं पडद्यावर टाकलं तर उशीर जेमतेम सेकंदभराचा. पण ‘पाली’ची पालिका होते, ‘दिली’ पुसून ‘दिलेली नाही’ येतं. वाचणारा मध्येच वक्त्याच्या चेहऱ्याकडे बघून पडद्याकडे परतला की त्याची ओळ हरवलेली असते. शिवाय मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेपटाला. चौथ्या सेकंदाला पडद्यावर नजर टाकून खाली वही बघणाऱ्या माणसाच्या लेखी पालिकेनं झाडं तोडायला परवानगी दिली.

यावर एक साधा नियम वापरला जातो: लागोपाठच्या दोन खेपांत सुरुवातीपासून जेवढे शब्द तंतोतंत जुळतील तेवढेच पक्के धरायचे, आणि पडद्यावर आलेला शब्द पुन्हा बदलायचा नाही. वरच्या वाक्यात दुसऱ्या सेकंदाला फक्त ‘या वर्षी’ दिसेल, तिसऱ्याला ‘पालिकेनं’, चौथ्याला ‘झाडं तोडायला’, पाचव्याला ‘परवानगी’. ‘दिली’ एकाच खेपेत आलं म्हणून ते पडद्यावर येतच नाही. सहाव्या सेकंदाला ‘दिलेली नाही’ उमटतं. दुसऱ्या खेपेसाठी थांबायचा वेळ आणि मॉडेलचा हिशेबाचा वेळ धरून शब्द दोन-तीन सेकंद मागे राहतात. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे. तीन खेपा जुळायची वाट पाहिली तर चुका आणखी घटतील, पण मग वक्ता ‘हा आलेख बघा’ म्हणून पुढच्या स्लाइडवर गेलेला असतो आणि विनोदावर हसणारे हसून झाल्यावर पडद्यावर विनोद येतो.

दुसरा उशीर कपटी असतो, कारण तो वाढत जातो. मोठं मॉडेल जास्त अचूक, पण ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपवर एका खेपेला त्याला एका सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला, तर काम साचत जातं. पहिल्या मिनिटाला तीन सेकंद मागे असलेला पडदा विसाव्या मिनिटाला अर्धं मिनिट मागे असू शकतो. म्हणून पाच मिनिटांची चाचणी पुरत नाही. वक्ता आणि पडदा एकाच चौकटीत येतील असा मोबाइल ठेवून अर्ध्या तासाचं चित्रण करा. सुरुवातीचा आणि शेवटचा एकेक ठळक शब्द निवडून, तो तोंडातून निघाल्यापासून पडद्यावर उमटेपर्यंत किती सेकंद गेले ते मोजा. दोन आकडे वेगळे आले तर लहान मॉडेल घ्या, किंवा वाक्य पुरं झालं की तिथपर्यंतचा आवाज सोडून द्यायची सोय चालू आहे ना ते बघा.

लहान मॉडेलमुळे गेलेली अचूकता बरीचशी माइकवर परत मिळते. लॅपटॉपच्या माइकला पंखा, खुर्च्या आणि सभागृहाचा घुमारा वक्त्याइतकाच ऐकू येतो; वक्त्याच्या कॉलरच्या माइकचा आवाज साउंडवाल्याच्या मिक्सरमधून थेट लॅपटॉपमध्ये घ्यावा. येणारी नावं, गावं आणि विशेष शब्द मॉडेलला आधी सूचनेदाखल देता येतात, तेही द्यावेत. व्हिस्परच्या शिक्षणात मराठीचा वाटा नगण्य होता. म्हणून आयआयटी मद्रासच्या ‘एआय4भारत’ची भारतीय भाषांसाठीची मॉडेलंही त्याच वक्त्याच्या जुन्या ध्वनिमुद्रणावर ताडून पाहावीत.

आणि शांतता! कुणीच बोलत नसताना व्हिस्पर अनेकदा मनानं काहीतरी लिहितं, चहाच्या सुट्टीत पडद्यावर ‘धन्यवाद’ झळकतं. आवाज माणसाचा आहे की नाही हे आधी तपासणारा गाळणीचा टप्पा लावला की हे बव्हंशी थांबतं. प्रश्नोत्तरांत मात्र ही गाळणी उपयोगाची नाही. तिथे मागच्या रांगेतला प्रश्न माइकविना आला तर पडदा कोराच राहतो, म्हणून वक्त्यानं तो स्वतःच्या माइकवर पुन्हा म्हणावा, हे त्याला कार्यक्रमाआधीच सांगून ठेवावं.