ओळख वेगळी, वाचक वेगळा

लिंक्डइनवर ‘कनेक्ट’ म्हणजे दुतर्फा ओळख. समोरच्याने विनंती स्वीकारली की दोघेही एकमेकांना थेट निरोप पाठवू शकतात, आणि आपोआप एकमेकांचे फॉलोअरही होतात. ‘फॉलो’ मात्र एकतर्फी असतो: वाचक फक्त लेखन पाहतो, परवानगी लागत नाही.

समजा, पुण्यातली एक टेस्टिंग इंजिनिअर नोकरी बदलते आहे. तिला हजारो वाचक नकोत. हव्या असलेल्या कंपनीत काम करणारे दहा-बारा जण, जुने सहकारी, कॉलेजचे सीनिअर पुरेत. कारण तिची ओळख झाली की त्या माणसाच्या ओळखीचे लोक तिच्यासाठी ‘सेकंड’ पायरीवर येतात, आणि मधल्या माणसाला शब्द टाकायला सांगता येते. अनोळखी शेकडो नावे गोळा केली, तर शब्द टाकणारे कुणी उरतच नाही. शिवाय प्रोफाइलवर पाचशेनंतर नुसते ‘500+’ दिसते, त्यामुळे आकडा फुगवण्यात अर्थ नाही.

जीएसटीवर नियमित लिहिणाऱ्या सल्लागाराचे गणित उलटे. कनेक्शनला ३०,००० ची मर्यादा आहे, फॉलोअरना ती नाही. त्याने सेटिंगमध्ये ‘फॉलो’ हेच मुख्य बटण ठेवावे. ज्यांच्याशी खरोखर काम पडते, त्यांनाच कनेक्ट करावे.