अंगठा एक, कामं दोन

मोबाइल आडवा धरून खेळताना डावा अंगठा जॉयस्टिक सांभाळतो आणि उजवा अंगठा हल्ल्याची बटणं. तोच खेळ उभ्या मोबाइलवर, एका हाताने खेळायचा म्हटलं की दोन्ही कामं एकाच अंगठ्याच्या गळ्यात पडतात. बटण दाबायला अंगठा जॉयस्टिकवरून उचलला, की ऐन लढाईत नायक जागच्या जागी थांबतो.

2019 साली आलेल्या ‘आर्चेरो’ने ही अडचण हाच खेळाचा नियम केला. त्यात हल्ल्याचं बटणच नाही. अंगठा फिरतोय तोवर धनुर्धारी पळतो, पण बाण सोडत नाही. अंगठा उचलला की तो थांबतो आणि आपोआप बाण मारू लागतो. पळायचं की लढायचं, हा निर्णय खेळाडू अंगठा उचलून घेतो. एकहाती खेळासाठी याहून नेमकी मांडणी क्वचितच सापडेल.

जॉयस्टिक कुठे ठेवायची, याचं उत्तर ‘एका जागी ठेवूच नये’ असं आहे. काचेवर बोटाला काठ लागत नाही, त्यामुळे नजर शत्रूवर असताना अंगठा नकळत सरकत जातो. म्हणून अंगठा जिथे टेकेल तिथेच जॉयस्टिकचा मध्य धरतात. एवढ्यानेही भागत नाही. समजा, जॉयस्टिकची त्रिज्या 10 मिलिमीटर आहे आणि अंगठा मध्यापासून 25 मिलिमीटर उजवीकडे गेला. आता डावीकडे वळायचं तर आधी ते 25 मिलिमीटर मागे यावं लागतं आणि तोवर नायक उजवीकडेच धावत राहतो. खेळाडू म्हणतो, ‘गेम अडकतोय.’ प्रत्यक्षात दोष मांडणीचा असतो. अंगठा कडेबाहेर गेला की मध्यही त्याच्यामागे ओढला, तर हेच अंतर 10 मिलिमीटरवर येतं. मध्याभोवतीचा छोटासा भाग मात्र निष्क्रिय ठेवावा, नाहीतर अंगठ्याच्या जराशा थरथरीनेही नायक चालू लागतो.

झेप घेण्यासारखं एखादं बटण हवंच असेल, तर अंगठा मुळाशी फिरतो हे लक्षात घ्यावं लागतं. उजव्या हातात समोरचा वरचा कोपरा फार लांब पडतो, हे उघड आहे. पण अंगठ्याच्या बुडाशी असलेला खालचा उजवा कोपराही गैरसोयीचा, कारण तिथे पोचायला अंगठा पार दुमडावा लागतो. अगदी खालची पट्टीही टाळलेली बरी: नव्या आयफोनवर तिथून वर सरकवलं की गेममधून बाहेर पडायला होतं. मग उरतो तो अंगठा सहज फिरतो त्या कमानीवरचा, जॉयस्टिकच्या थोडा वरचा भाग. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात स्पर्शाची जागा किमान 48 dp, म्हणजे साधारण साडेसात मिलिमीटर सांगितली आहे. न बघता दाबायच्या बटणाला ती याहून बरीच मोठी हवी.

डावखुऱ्यांसाठी हे सगळं आरशासारखं उलटवण्याची सोय लागते. मांडणी जमली की नाही हे चाचणीत हुकलेल्या स्पर्शांच्या नोंदीतून कळतं. ते बटणाच्या एकाच बाजूला गोळा झालेले दिसले, तर बटण त्या दिशेला सरकवायचं.