घर सोडलेलं नाही, माफही केलेलं नाही

"मला थोडा वेळ हवाय" एवढं म्हणून बाई घराबाहेर पडली की त्याचे दोन अर्थ लावले जातात. सासरी म्हणतात, सोडून गेली. माहेरी म्हणतात, चार दिवसांत राग निवळेल. तिला यातलं काहीच म्हणायचं नसतं. म्हणून हे तोंडी सांगण्यापेक्षा लिहून द्यावं.

समजा, नाशिकमधलं नोकरदार जोडपं आहे, शाळेत जाणारी मुलगी आहे. नवऱ्याने बायकोचे दागिने तिला न सांगता गहाण टाकले, पैसे शेअर बाजारात घालवले. तिचं पत्र असं असू शकेल:

"माझे दागिने तू सोनेतारण ठेवलेस आणि वर्षभर ते लॉकरमध्येच आहेत असं सांगत राहिलास. पैसे बुडाले याच्यापेक्षा रोज समोर बसून खोटं बोललास, ते मला जास्त लागलंय. उद्यापासून 31 ऑगस्टपर्यंत मी मुलीला घेऊन गंगापूर रोडला ताईकडे राहते आहे, तिची शाळा चालू राहील. मी घर सोडलेलं नाही आणि तुला माफही केलेलं नाही. पुढे एकत्र राहायचं का, हे मला ठरवायचं आहे. रोज रात्री आठला मुलीशी बोल. बाकी काही असेल तर मेसेज कर, आईंना किंवा मामांना मध्ये घालू नकोस. 10 तारखेपर्यंत सगळ्या कर्जांचे कागद मला पाठव. 31 तारखेला माझा निर्णय सांगेन. आणखी वेळ लागणार असेल तर तेही त्याच दिवशी सांगेन."

यात "तू नेहमीच असा" हे वाक्य नाही. ते लिहावंसं वाटतंच, पण त्यावर नवरा वाद घालू शकतो. दागिने गहाण टाकले यावर वाद घालता येत नाही. कागद मागण्यालाही अर्थ आहे. तो कागद पाठवतो, अर्धेच पाठवतो की "एवढा विश्वास नाही का?" म्हणून उलट रुसतो, यावरून तिला जेवढं कळेल तेवढं त्याच्या दहा माफीनाम्यांवरून कळणार नाही. मुदतीच्या आतच तो दारात येऊन बसला, किंवा "समाजात काय तोंड दाखवू?" म्हणत नातेवाईक पाठवू लागला, तर तेही उत्तरच समजावं.

सगळ्यात मोलाचं वाक्य मात्र घर न सोडल्याचं आणि माफ न केल्याचं. हिंदू विवाह कायद्यात जोडीदाराने सलग दोन वर्षं वाजवी कारणाशिवाय त्याग केला, तर घटस्फोट मागता येतो. त्यामुळे "घर सोडलंस तर केस कमजोर होईल" अशी भीती बायकांना घातली जाते. 1956 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेला एक खटला इथे आठवतो. 1947 मध्ये मुंबईहून जळगावला माहेरी गेलेल्या बायकोने आपल्याला टाकलं, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. न्यायालयाने ते मानलं नाही. नुसतं वेगळं राहणं म्हणजे त्याग नव्हे, संसार कायमचा मोडण्याचा इरादाही सिद्ध व्हावा लागतो. रागाच्या किंवा उद्वेगाच्या भरात, असा इरादा नसताना कोणी दूर गेलं तर तो त्याग ठरत नाही, असं निकालात स्पष्ट म्हटलं आहे. तारीख असलेलं पत्र हा इरादा काय होता ते दाखवतं. पत्र म्हणजे कवच नव्हे. मुदत उलटून वर्षभर काहीच कळवलं नाही, तर न्यायालय त्या वागण्याकडेही पाहील.

उलट बाजूचं कलमही याच कायद्यात आहे. क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोट मागणाऱ्याने ती क्रूरता आधीच माफ केलेली नाही, याची खात्री न्यायालयाला करून घ्यावी लागते. "झालं गेलं विसरून जाऊ" हे वाक्य घाईने लिहू नये, ते एवढ्यासाठी.

हात उगारणाऱ्या माणसाला मात्र असं पत्र लिहू नये आणि आपला पत्ता तर मुळीच कळवू नये. तिथे आधी सुरक्षित जागी पोचायचं, मग 181 या महिला हेल्पलाइनवर किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याशी बोलायचं. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क बाईला दिला आहे. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरीही.

बाकीच्यांनी पत्र हाती दिलं तरी त्याचा फोटो मेसेजवरही पाठवावा, म्हणजे कधी पोचलं याची नोंद राहते. आणि एक प्रत सासर-माहेरच्या कपाटात न ठेवता स्वतःपाशी ठेवावी.