तीन कँडल आणि ६९ हजारांचा माथा

अमेरिकेत महागाई ६.२ टक्क्यांवर गेल्याची बातमी १० नोव्हेंबर २०२१ रोजी आली आणि बिटकॉइन उसळला. महागाईपासून बचाव करणारी चीज म्हणून त्याची ख्याती होती, त्यामुळे खरेदीला उधाण आले आणि भाव ६८,७८९ डॉलरपर्यंत चढला. हा त्या तेजीचा माथा ठरला. त्याच दिवसाचा बंद भाव मात्र ६५,००० च्या किंचित खाली होता. त्या संध्याकाळी बातम्या वाचणाऱ्याला विक्रम दिसत होता, तर चार्ट पाहणाऱ्याला ‘इव्हिनिंग स्टार’ पुरा होताना दिसत होता.

तीन दिवसांच्या तीन कँडलची ही रचना. ८ नोव्हेंबरची कँडल लांब आणि हिरवी होती: उघडताना ६३,३४४, बंद होताना ६७,५६७ डॉलर. ९ तारखेला भाव वर-खाली झाला, पण उघडला आणि बंद झाला जवळपास तिथेच. सहाशे डॉलरच्याही आतले हे लहानसे धड म्हणजेच ‘स्टार’. खरेदीदारांचा जोर संपत आल्याची खूण. १० तारखेची कँडल लाल. तिच्याबाबत एकच कसोटी महत्त्वाची आहे: पहिल्या कँडलच्या धडाच्या मध्याखाली ती बंद झाली का? मध्य होता ६५,४५५ आणि बंद भाव ६४,९९५. कसोटी उतरली, पण काठावर.

मॉर्निंग स्टार हीच रचना उलटी. घसरणीच्या तळाशी लांब लाल, मग लहान, मग पहिलीच्या मध्यावर बंद होणारी हिरवी.

जुन्या नियमांत मधली कँडल आधीच्या धडापासून सुटी, म्हणजे गॅप सोडून हवी. शेअर बाजार रात्री बंद असतो, त्यामुळे तिथे गॅप पडते. क्रिप्टो चोवीस तास चालतो. ८ तारखेला बाजार ६७,५६७ वर ‘बंद’ झाला आणि ९ ला ६७,५५० वर ‘उघडला’, म्हणजे मध्ये काही घडलेच नाही. म्हणून इथे गॅपची अट सोडून द्यावी लागते. शिवाय दिवसाची कँडल बहुतेक ठिकाणी यूटीसीच्या मध्यरात्री, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला संपते. रात्री अकरा वाजता दिसणारा ‘स्टार’ पहाटेपर्यंत रूप बदलू शकतो, आणि दिवस दुसऱ्या तासाला कापला तर तो मुळात दिसणारही नाही.

जागेचा प्रश्न त्याहून मोठा. अशा तीन कँडल चार्टवर कुठेही सापडतात आणि बहुतेक काहीच सांगत नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्या ज्या पातळीवर आल्या, ती आधीच्या विक्रमाची होती. २० ऑक्टोबरला भाव ६६,९३० पर्यंत जाऊन फिरला होता. ८ आणि ९ नोव्हेंबरला तो त्या रेषेच्या वर बंद झाला, ब्रेकआउट झाल्याचे वाटले आणि १० ला तो परत रेषेखाली आला. वर खरेदी केलेले सगळे तोट्यात अडकले आणि त्यांची सुटका म्हणजे आणखी विक्री.

व्हॉल्यूमने दुजोरा दिला का? कॉइनमार्केटकॅपच्या एकत्रित आकड्यांनुसार पहिल्या दोन दिवशी उलाढाल साधारण ४१ आणि ४२ अब्ज डॉलर होती, तिसऱ्या दिवशी जवळपास ४९ अब्ज. पडताना उलाढाल चढतानाच्या तुलनेत सुमारे एक पंचमांशाने जास्त. दुजोरा आहे, दणदणीत नाही. अशा एकत्रित आकड्यांवर भिस्त ठेवतानाही सावधपणा हवा: २०१९ मध्ये बिटवाइज या कंपनीने अमेरिकेच्या एसईसीला सादर केलेल्या पाहणीत बिटकॉइनची सुमारे ९५ टक्के जाहीर उलाढाल बनावट किंवा निरर्थक ठरवली होती. म्हणून अनुभवी ट्रेडर एकाच भरवशाच्या एक्स्चेंजवरचा व्हॉल्यूम त्याच एक्स्चेंजच्या मागच्या वीसेक दिवसांच्या सरासरीशी ताडून बघतात.

तरीही खात्री नसतेच. २१ ऑक्टोबरला याच पट्ट्यात मोठी लाल कँडल वाढत्या उलाढालीसह आली होती. आठवडाभर भाव पडला आणि तीन आठवड्यांच्या आत नवा विक्रम झाला. तेव्हा नुसत्या लाल कँडलवर विकून बसलेले फसले.

नोव्हेंबरचा सौदा प्रत्यक्षात कसा दिसला असता? तिसरी कँडल संपल्यावर ६५,००० ला विक्री, स्टॉपलॉस ६८,७८९ च्या वर. धोका सुमारे ३,८०० डॉलरचा, म्हणजे जवळपास सहा टक्के. खात्रीसाठी तीन दिवस थांबण्याची ही किंमत, आणि ती जड आहे. पुढचे काही दिवस भाव हललाच नाही. १५ तारखेला तो ६६,२०० च्या वर चढला, पण स्टॉपलॉसपर्यंत पोचला नाही. १६ ला तो ६०,१६१ वर बंद झाला आणि ४ डिसेंबरला काही तासांसाठी ४३,००० च्याही खाली गेला.