चार्जिंग पॉइंटचा अर्ज : कमिटीला आकडे हवे असतात

सोसायटीच्या कार्यालयात हल्ली एका नमुन्याचे अर्ज येऊ लागले आहेत. 'मी नवीन इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. माझ्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी मिळावी, ही विनंती.' खाली सही आणि फ्लॅट नंबर. मासिक सभेत सचिव हा अर्ज वाचून दाखवतात. कोणीतरी विचारतं, "लोड झेपेल का?" दुसरं कोणी विचारतं, "बिल कोण भरणार?" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं अर्जात नसतात, म्हणून विषय पुढच्या सभेवर जातो. पुढच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय निघतो.

कमिटीला इलेक्ट्रिक गाड्यांचा राग असतो असं क्वचितच असतं. पण इमारतीच्या विजेचं नेमकं काय होणार हे कागदावर दिसल्याशिवाय सही करायची हिंमत होत नाही, आणि त्यात तिचं फारसं चुकत नाही. तेव्हा हे कागद कसे तयार करायचे, ते एक उदाहरण घेऊन पाहू. समजा, पुण्यातली ४८ फ्लॅटची सोसायटी आहे. अर्जदाराची गाडी महिन्याला ९०० किलोमीटर चालते. मीटर रूमपासून त्याच्या पार्किंगपर्यंत वायरचा मार्ग ३५ मीटरचा आहे.

पहिला निर्णय चार्जर किती किलोवॅटचा, हा. विक्रेते बहुतेक वेळा ७.२ किलोवॅटचा, भिंतीवर लावायचा चार्जर सुचवतात. तो सुमारे ३१ अँपिअर घेतो. दुसरा पर्याय साध्या १६ अँपिअरच्या प्लगवर चालणारा ३.३ किलोवॅटचा. तो १५ अँपिअरच्या आत राहतो. आता गरज मोजू. ९०० किलोमीटर म्हणजे दिवसाला ३०. चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून एका युनिटला ६ किलोमीटर मानले, तर रोज ५ युनिट लागतात. ३.३ किलोवॅटच्या चार्जरला त्यासाठी दीड तास पुरतो, आणि गाडी रात्रभर उभीच असते. मोठ्या चार्जरचा उपयोग खरा आहे, पण तो रोज दीडशे-दोनशे किलोमीटर फिरणाऱ्याला. बाकीच्यांनी तो मागितला की परवानगी मात्र अवघड होते.

का, ते मीटर रूममध्ये कळतं. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास, म्हणजे घरोघरी एसी चालू असताना, वायरमनला क्लॅम्प मीटर घेऊन बोलवावं आणि इमारतीच्या मुख्य केबलवर तिन्ही फेजचे आकडे घ्यावेत. आपल्या उदाहरणात ते १२८, १४१ आणि १५५ अँपिअर आले. मुख्य स्विच २५० अँपिअरचा आहे, पण तासन् तास भार राहणार असेल तर त्याच्या ८० टक्क्यांच्या, म्हणजे २०० च्या आत राहणं शहाणपणाचं. अर्जदाराचं मीटर नेमकं सर्वांत जड फेजवर आहे असं धरलं, तरी १५५ चे १७० होतात. एका गाडीने काही बिघडत नाही.

कमिटीच्या मनातला खरा प्रश्न मात्र आठव्या गाडीचा असतो. 'याला दिलं की सगळे मागतील' या वाक्यामागे तोच असतो, आणि त्याचंही उत्तर गणितात आहे. आठ गाड्या तिन्ही फेजवर समान वाटल्या आणि सगळ्या एकाच वेळी चार्ज होत आहेत असं धरलं, तर लहान चार्जरमुळे प्रत्येक फेजवर ४० अँपिअर वाढतात. जड फेज १९५ वर जातो, मर्यादेच्या आत. तेच आठ चार्जर ७.२ किलोवॅटचे असते तर प्रत्येक फेजवर सुमारे ८३ वाढून आकडा २३८ झाला असता. मग मुख्य केबल आणि स्विच बदलण्याचा खर्च सगळ्यांच्या माथी आला असता. म्हणून अर्जात 'सोसायटीने हाच नियम पुढच्या सर्व सभासदांना लावावा : ३.३ किलोवॅट, आणि चार्जिंग रात्री अकरानंतर' असं लिहिलं, तर तो अर्ज एकट्याचा राहत नाही, सोसायटीचं धोरण होतो. अकराची वेळ पाळायला फारसे कष्ट नाहीत, बऱ्याच गाड्यांमध्ये चार्जिंग सुरू होण्याची वेळ आधी लावून ठेवता येते.

इमारतीनंतर स्वतःचं वीजबिल पाहावं. बिलावर 'मंजूर भार' लिहिलेला असतो. आपल्या अर्जदाराचा तो ४ किलोवॅट आहे. गीझर २, एसी दीड आणि चार्जर ३.३ एकदम चालले तर ६.८ होतात. म्हणून वीज कंपनीकडे भार ७ किलोवॅटपर्यंत वाढवण्याचा अर्ज आधी करावा आणि त्याची पोच सोसायटीच्या अर्जाला जोडावी. मीटरवर ‘5-30 A’ छापलेलं असेल, तर ६.८ किलोवॅट म्हणजे जवळपास ३० अँपिअर. मीटर अगदी काठावर येतं, तेव्हा मोठं मीटर मागून घ्यावं.

दुसरा मोठा प्रश्न बिलाचा, आणि तो मीटर कोणाचं यावर ठरतो. पार्किंगमधल्या दिव्यांच्या प्लगला, म्हणजे कॉमन मीटरवर, गाडी लावणं हा भांडणाचा हमखास रस्ता, कारण एकाची वीज ४८ जण भरतात. त्यामुळे सरळ दोनच वाटा उरतात. पहिली, आपल्याच फ्लॅटच्या मीटरवरून वायर ओढायची. स्वतःच्या घरच्या वापराच्या मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज केली, तर महाराष्ट्रात घरगुती दरच लागतो. पण घरगुती दर टप्प्यांचे असतात : १०० युनिटपर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. हिशेब करताना लोक इथेच चुकतात. घरचा वापर २४० युनिट असेल, तर गाडीचे १५० मिळून ३९० होतात. गाडीच्या युनिटांपैकी ६० मधल्या टप्प्यात बसतात, पण ९० वरच्या टप्प्यात जातात. सर्व आकार धरून मधला टप्पा १२ रुपये आणि वरचा १६ रुपये समजू. ७२० अधिक १४४०, म्हणजे २१६० रुपये. किलोमीटरला २ रुपये ४० पैसे. बिलातला सरासरी दर धरून हिशेब केला असता, तर तो उगाच स्वस्त दिसला असता.

दुसरी वाट गाडीसाठी वेगळ्या जोडणीची. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून ग्राहकाला ही सोय दिली. या जोडणीला चार्जिंगसाठीचा स्वतंत्र दर लागतो आणि घरच्या बिलाचे टप्पे वर सरकत नाहीत. मात्र तिचा स्थिर आकार दरमहा वेगळा भरावा लागतो. ज्यांचा घरगुती वापर आधीच ३०० युनिटांच्या वर आहे, त्यांनी हा हिशेब नक्की करून पाहावा. सोसायटीने स्वतःच एखादा सामायिक पॉइंट काढून सभासदांकडून पैसे घ्यायचे ठरवले, तरी वीज विक्रीचा परवाना लागत नाही. चार्जिंग ही सेवा आहे, असा खुलासा केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्येच केला आहे.

आता वायर. १५ अँपिअर दीड तास वाहणं म्हणजे मिक्सर दोन मिनिटं फिरवणं नव्हे, म्हणून इथे काटकसर चालत नाही. ३५ मीटरसाठी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तीन-कोअर केबल घेतली, तर चार्जरपर्यंत पोचेपर्यंत व्होल्टेज सुमारे ५ व्होल्टने, म्हणजे दोन-सव्वादोन टक्क्यांनी पडतं. तेवढं चालतं. मीटर रूममध्ये स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक स्विच हवा. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच असावं, असं केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम सांगतात. तळघरात पावसाचं पाणी साचतं त्या इमारतींना ही उंची का, ते समजावून सांगावं लागत नाही. एक्स्टेन्शन बोर्ड लावून चार्ज करायला हेच नियम मनाई करतात.

कमिटीला आगीची भीती असते. तिची सुरुवात बहुधा सैल सॉकेटमधून होते : पकड सैल, वर तासन् तास प्रवाह, आणि प्लास्टिक वितळू लागतं. ओळखायचं सोपं आहे. अर्धा तास चार्जिंग झाल्यावर प्लगला हात लावावा. कोमट असेल तर ठीक, हातात धरवत नसेल, तपकिरी डाग किंवा जळका वास असेल, तर त्याच दिवशी सॉकेट बदलावं. म्हणून औद्योगिक प्रकारचं सॉकेट घ्यावं, आणि पॉइंट जिन्याखाली किंवा मीटर रूमच्या दाराशी नसावा. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे चार्जर बसवला पण लाल दिवा लागून चार्जिंग सुरूच होत नाही. दोष बऱ्याचदा इमारतीच्या जुन्या अर्थिंगचा असतो. चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते कच्चं आढळलं की वीज घेत नाही. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात काही व्होल्टपेक्षा जास्त दाब दिसला, तर नवा अर्थिंगचा खड्डा करावा लागतो.

आपल्या उदाहरणातला खर्च असा मांडता येतो : केबल १०,५०० रुपये, पाइप आणि क्लिपा ३,५००, एमसीबी-रक्षक स्विचची पेटी ४,५००, सॉकेट १,५००, मजुरी ५,०००, अर्थिंग ५,०००. एकूण ३०,००० रुपये. भार वाढवण्याची वीज कंपनीची रक्कम वेगळी. दर शहराप्रमाणे बदलतील, पण तक्ता याच ओळींचा असावा आणि खाली लिहावं : 'हा सर्व खर्च माझा.'

हे सगळं एका अर्जात पुढीलप्रमाणे बसतं.

'मा. सचिव, स. न. वि. वि. माझ्या पार्किंगमध्ये ३.३ किलोवॅटचा चार्जिंग पॉइंट बसवण्यास परवानगी मिळावी. वीज माझ्या फ्लॅटच्या मीटरवरून घेतली जाईल. मंजूर भार ४ वरून ७ किलोवॅट करण्यासाठी केलेल्या अर्जाची पोच सोबत आहे. मुख्य केबलवरचे तिन्ही फेजचे मोजलेले आकडे, केबलच्या मार्गाचा नकाशा आणि खर्चाचा तक्ता जोडला आहे. काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घेऊन त्याचा चाचणी अहवाल सादर करीन. चार्जिंग रात्री ११ नंतर करीन. कामात इमारतीचं नुकसान झाल्यास भरून देईन. पार्किंगची जागा बदलल्यास किंवा फ्लॅट विकल्यास पॉइंट माझ्या खर्चाने काढीन अथवा नव्या जागी नेईन. कृपया कमिटीच्या सभेत ठराव करून लेखी कळवावे.'

शेवटचं वाक्य गाळू नये. पार्किंगची जागा सोसायटीने वापरायला दिलेली असते, सभासदाच्या मालकीची नसते. त्यामुळे जिन्यात सचिवांनी तोंडी दिलेला होकार पुढची कमिटी मानेलच असं नाही. ठरावाची प्रत हातात असली की तो प्रश्न राहत नाही. नकार आला तरी तो कारणासह लेखी मागावा. 'लोड झेपणार नाही' असं कारण आलं, तर आपल्याकडे १५५ आणि १७० चे आकडे आहेत. ते घेऊन पुन्हा कमिटीपुढे जाता येतं, आणि तिथे न जमल्यास सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. त्या टेबलावरही हेच कागद पुढे ठेवावे लागतात.